एका सेकंदाची फुंकर

पंचवीस-तीस वर्षं विडी-सिगारेट ओढलेला माणूस खोकल्याला कंटाळून डॉक्टरकडे जातो. छातीचा एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही, आणि ‘फोटो क्लिअर आहे’ हे वाक्य ऐकून तो घरी परततो. त्या वाक्याचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो: फुप्फुसं ठीक आहेत, तंबाखूने अजून काही बिघडवलेलं नाही. एक्स-रेत क्षयाचा डाग, न्यूमोनिया, मोठी गाठ अशा गोष्टी दिसू शकतात. पण धूम्रपानाने होणारा श्वासनलिकांचा जो दीर्घ आजार आहे, ज्याला सगळे दवाखाने सीओपीडी म्हणतात, तो सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही. तो पकडायला फुंकर मारायची साधी तपासणी लागते, आणि तीस-तीस वर्षं ओढणाऱ्या कित्येकांची ती एकदाही झालेली नसते.

एक्स-रे का फसवतो, हे आजार जिथे सुरू होतो ती जागा पाहिली की कळतं. घशातून खाली गेलेली श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, आणि असं वीस-बावीस वेळा झाल्यावर आपण हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतो. वाटेत दोन मिलिमीटरहून बारीक अशा हजारो नळ्या लागतात. तंबाखूचा धूर पहिला घाव या बारीक नळ्यांवर घालतो. त्यांच्या भिंतींना सूज येते, आत चिकट कफ साचतो, हळूहळू व्रण धरून त्या आकसतात आणि काही कायमच्या नाहीशा होतात. पण त्या संख्येने इतक्या असतात, की बऱ्याच बंद पडल्या तरी उरलेल्यांतून हवेचा कारभार चालू राहतो. म्हणूनच १९७० च्या सुमारास श्वसनशास्त्रज्ञांनी या भागाला फुप्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटलं. वर्षानुवर्षं तिथे नासधूस चाललेली असते आणि माणसाला तिचा पत्ता नसतो.

पुढे वायुकोशांच्या भिंतीही विरत जातात. या भिंती रक्तात प्राणवायू पोचवतात, शिवाय आणखी एक काम करतात. तंबूला चहूबाजूंनी ताणलेल्या दोऱ्या जशा त्याला उभा ठेवतात, तशा या लवचीक भिंती बारीक नळ्यांना सगळीकडून ओढून उघड्या ठेवतात. भिंती गेल्या की आधार सुटतो आणि श्वास सोडताना नळ्या मिटतात. म्हणून सीओपीडीत खरी अडचण असते श्वास बाहेर सोडण्याची. आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो आणि छातीत शिळी हवा साठत जाते. बसल्या जागी हे निभतं, कारण सोडायला वेळ असतो. पण माणूस भरभर चालू लागला, जिना चढू लागला, की श्वासाची गती वाढते, सोडायचा वेळ कमी होतो, छाती अधिकाधिक फुगते आणि नवा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. रुग्ण म्हणतो, ‘श्वास आत जात नाही.’ खरं तर बाहेर जात नसतो.

हा आजार अचानक समोर उभा राहत नाही, म्हणून त्याच्या सुरुवातीच्या खुणा माणूस स्वतःच झाकतो. सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ येते, दोन-चार बेडके पडले की छाती मोकळी होते, आणि पहिली विडी ओढल्यावर बरं वाटतं. याला घरात ‘त्यांचा सकाळचा खोकला’ म्हणून मान्यता मिळालेली असते. सर्दी घरातल्या सगळ्यांना होते, बाकीचे आठवड्यात बरे होतात, यांची मात्र छातीत उतरते आणि तीन-तीन आठवडे रेंगाळते. दर पावसाळ्यात किंवा थंडीत एकदा तरी अँटिबायोटिकचा कोर्स होतोच. रात्री छातीत कधीकधी घरघर ऐकू येते, ती बहुधा बायकोला आधी ऐकू येते.

सगळ्यात बोलकी खूण मात्र दमाची असते, आणि तीच सगळ्यात उशिरा मान्य केली जाते, कारण माणूस दम लागेल असं काही करणंच सोडून देतो. बाजाराची जड पिशवी मुलाकडे जाते. चढाचा रस्ता टाळून लांबचा सपाट रस्ता बरा वाटू लागतो. बरोबर चालणाऱ्यांना तो फोनवर बोलायच्या निमित्ताने पुढे जाऊ देतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाणं कमी होतं. विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला दम लागत नाही.’ म्हणून छातीचे अनुभवी डॉक्टर ‘दम लागतो का’ एवढ्यावर थांबत नाहीत. ‘तुमच्याच वयाच्या माणसांबरोबर सपाटीवर चालताना तुम्ही मागे पडता का?’ असं ते विचारतात, किंवा ‘पाच वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय आहे?’ हे विचारतात. उत्तर पुष्कळदा शेजारी बसलेली बायको देते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. ओढणाऱ्याचा प्रत्येक खोकला सीओपीडीचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. थुंकीतून रक्त पडणं, कारण नसताना वजन घटणं, आवाज बसून राहणं या गोष्टी कर्करोगाकडे बोट दाखवू शकतात, आणि त्या वेळी एक्स-रेच काय, सीटी स्कॅनही लागू शकतो. थोडक्यात, एक्स-रे टाळायचा नाही. फक्त त्याच्या भरवशावर सीओपीडी नाही असं म्हणायचं नाही.

आता ती फुंकर. तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. दवाखान्यांत तिला सर्रास पीएफटी म्हणतात. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये पाण्यात तरंगत्या पिंपाचं यंत्र वापरून माणसाच्या फुप्फुसात किती हवा मावते हे मोजलं होतं. आजचं यंत्र हातात मावतं आणि संगणकाला जोडलेलं असतं, पण रुग्णाने करायचं काम तेच राहिलं आहे. पोट तुडुंब भरलेलं नको, कपडे आवळ नकोत, आधी तासभर विडी-सिगारेट नको. पंप चालू असेल तर कोणता किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टर सांगतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर तपासणी पुढे ढकलतात, कारण जोरात फुंकताना छातीतला आणि डोक्यातला दाब वाढतो.

रुग्णाला खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात. तंत्रज्ञ म्हणते, ‘काका, जेवढा जाईल तेवढा श्वास आत घ्या, अजून घ्या, आणि आता एकदम जोरात सोडा. सोडा, सोडा, सोडा, थांबू नका, अजून आहे, अजून आहे.’ पडद्यावर एक रेषा वर उसळते आणि उतरू लागते. निरोगी माणसाची हवा तीन-चार सेकंदांत जवळपास संपते. सीओपीडी असलेल्या माणसाची रेषा सहा सेकंद झाले, दहा झाले, तरी थोडी थोडी चढतच राहते. मान लाल होते, डोळ्यांत पाणी येतं, खोकल्याची उबळ येते, आणि तंत्रज्ञ थोडं थांबून पुन्हा नळी पुढे करते. निदान तीन फुंकरी नीट लागतात, आणि त्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक असू नये असा नियम आहे. मग सालब्युटामॉलचे चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम औषध देऊन रुग्णाला पंधरा मिनिटं बाहेर बसवतात आणि सगळं पुन्हा करतात. सीओपीडीचं निदान या दुसऱ्या, औषधानंतरच्या फुंकरीवर होतं. पहिल्याच फुंकरीवर अहवाल हातात दिला असेल, तर तो अर्धा आहे.

अहवालात आकड्यांची दाटी असते, पण आपल्याला त्यांतले दोनच पाहायचे आहेत. जोरात फुंकून एकूण किती हवा बाहेर आली, तो आकडा एफव्हीसी. त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात किती आली, तो एफईव्ही-वन. निरोगी प्रौढाची सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, आणि सोबत लक्षणं आणि धुराचा इतिहास असेल, तर सीओपीडी आहे असं समजतात. आजार किती पुढे गेला आहे हे ठरवायला मग एफईव्ही-वनची तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याशी करतात. अपेक्षेच्या ऐंशी टक्के किंवा वर असेल तर सौम्य, पन्नास ते ऐंशीच्या मध्ये मध्यम, तीस ते पन्नासच्या मध्ये तीव्र आणि तिसाच्या खाली अतितीव्र.

हे कोरडं वाटू नये म्हणून एक कल्पित पण दवाखान्यात रोज दिसणारं उदाहरण घेऊ. चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ, उंची पाच फूट पाच इंच, विसाव्या वर्षापासून दिवसाला विडीचं एक बंडल. तेंदूच्या पानातून हवा फारशी झिरपत नाही, त्यामुळे विडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा जास्त वेळा आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही विडीतून निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड कमी मिळत नाही, उलट जास्तच मिळतं. विडी देशी, म्हणून सौम्य, हा समज पूर्ण चुकीचा आहे. या गृहस्थांचा एक्स-रे स्वच्छ आहे. ते म्हणतात, ‘वयामुळे थोडं थकायला होतं, बाकी काही नाही.’ त्यांच्या अहवालात औषधाआधी एफईव्ही-वन १.५४ लिटर आहे, औषधानंतर १.६२ लिटर, आणि एफव्हीसी २.८९ लिटर. १.६२ ला २.८९ ने भागलं की ०.५६ येतात, म्हणजे अडथळा स्पष्ट आहे. औषधाने फरक पडला तो जेमतेम ८० मिलिलिटरचा. दम्यात बहुधा याहून बराच जास्त, २०० मिलिलिटरच्या आणि १२ टक्क्यांच्या वर फरक पडतो. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाचा अपेक्षित आकडा साधारण २.७० लिटर धरला, तर त्यांच्याकडे साठ टक्के उरलं आहे. म्हणजे मध्यम पायरी. चाळीस टक्के गेले आणि त्यांना फक्त ‘थोडं थकायला’ होतंय. मूक प्रदेश म्हणतात तो हाच.

तपासणी चुकते ती बहुतेक वेळा घाईमुळे. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच थांबला, तर एकूण हवेचा आकडा खोटा कमी येतो, आणि मग पहिल्या सेकंदाचं प्रमाण खोटं चांगलं दिसतं. आजार असून अहवाल ‘नॉर्मल’ निघतो. अहवालावरच्या आलेखात फुंकर किती सेकंद चालली हे लिहिलेलं असतं, आणि रेषा शेवटी सपाट झाली आहे की मध्येच तुटली आहे हेही दिसतं. ते पाहायला डॉक्टर असण्याची गरज नाही. दुसरी अडचण यंत्रात भरलेल्या अपेक्षित आकड्यांची. सारखीच उंची आणि वय असलं तरी युरोपीय माणसाच्या फुप्फुसात सरासरी भारतीयापेक्षा जास्त हवा मावते. यंत्रात युरोपीय तक्ता भरलेला असेल, तर आपली टक्केवारी आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून टक्क्यांबरोबर लिटरचा आकडाही टिपून ठेवायचा. आणखी एक गोष्ट म्हणजे ०.७० हा कट सगळ्या वयांना एकच आहे. वयाबरोबर हे प्रमाण नैसर्गिकरीत्या उतरतं, त्यामुळे पंचाहत्तरीच्या निरोगी माणसालाही ०.६८ येऊ शकतं. सीमेवरचा आकडा आला तर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, त्या एका कागदावर आयुष्यभराचं लेबल लावू नये.

आता आमच्या त्या गृहस्थांचा खरा प्रश्न: ‘चौतीस वर्षं ओढली, आता सोडून काय मिळणार?’ या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे असलेलं उत्तर फार चांगलं आहे, कारण ते माणसांना वर्षानुवर्षं फुंकायला लावून मिळवलेलं आहे.

सुरुवात लंडनमध्ये झाली. चार्ल्स फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम लंडनमधल्या ७९२ नोकरदार पुरुषांची आठ वर्षं दर सहा महिन्यांनी फुंकर मोजली. १९७७ मध्ये फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी त्यावरून काढलेला आलेख जगभरच्या छातीच्या डॉक्टरांना आजही तोंडपाठ आहे. पंचविशीच्या आसपास प्रत्येकाची फुंकर शिखरावर असते आणि नंतर सगळ्यांचीच थोडी थोडी उतरते, न ओढणाऱ्याचीही. ओढणाऱ्यांपैकी काहींची उतरण जवळपास तशीच राहते, काहींची मात्र खूप तीव्र असते. त्यांनी सोडलं की गेलेलं परत येत नाही, पण तिथून पुढची उतरण न ओढणाऱ्याच्या उतरणीसारखी सौम्य होते. उतारावर असताना दिशा बदलते, उंची परत मिळत नाही.

हे निरीक्षण होतं. त्याची कसोटी लावली ती अमेरिका आणि कॅनडातल्या दहा केंद्रांवर १९८६ पासून चाललेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’ने. पस्तीस ते साठ वयाचे, सौम्य ते मध्यम अडथळा असलेले ५,८८७ ओढणारे त्यात होते. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने काहींना सोडण्यासाठी कसून मदत दिली, काहींना नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलं. ज्यांनी सोडलं आणि सोडलेलंच ठेवलं, त्यांचा एफईव्ही-वन पहिल्या वर्षात सरासरी ४७ मिलिलिटरने वाढला. नळ्यांची सूज थोडी उतरली त्याचा हा लाभ, तो एकदाच मिळतो. पुढची चार वर्षं त्यांची घट वर्षाला सरासरी ३१ मिलिलिटर होती, ओढत राहिलेल्यांची ६२, म्हणजे बरोबर दुप्पट. अकरा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा सोडलेल्या पुरुषांची घट वर्षाला ३० आणि ओढणाऱ्यांची ६६ मिलिलिटर निघाली. स्त्रियांमध्ये हेच आकडे साधारण २२ आणि ५४ होते. अकरा वर्षांअखेर ओढत राहिलेल्यांपैकी ३८ टक्के लोक अपेक्षेच्या साठ टक्क्यांखाली घसरले होते. सोडलेल्यांपैकी दहाच टक्के.

याच अभ्यासात काहींना इप्राट्रोपियमचा पंपही दिला होता. पंपाने तात्पुरता आराम मिळाला, पण उतरणीचा वेग जराही बदलला नाही. ‘पंप घेतोय ना, मग एखादी ओढली तर काय’ म्हणणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा. पंप दम कमी करतात, आजार अचानक बळावण्याचे प्रसंग कमी करतात, त्यामुळे ते घ्यायलाच हवेत. पण उतरण सौम्य करण्याचं जे काम विडी सोडल्याने होतं, ते पंपाने होत नाही.

हे आकडे आपल्या गृहस्थांना लावून पाहू. आज चौपन्नाव्या वर्षी त्यांच्याकडे १.६२ लिटर आहे. ओढत राहिले आणि वर्षाला ६६ मिलिलिटर घटत गेलं, तर पंधरा वर्षांत जवळपास एक लिटर जाईल आणि एकोणसत्तराव्या वर्षी ०.६३ लिटर उरेल. तोवर त्यांचा अपेक्षित आकडाही २.३० च्या आसपास उतरलेला असेल, म्हणजे हातात सत्तावीस टक्के. या पायरीवर पुष्कळांना अंघोळ करून शर्टाची बटणं लावेपर्यंत धाप लागते, आणि काहींना घरी ऑक्सिजनचं यंत्र लागतं. आज सोडली आणि वर्षाला ३० मिलिलिटर गेलं, तर त्याच वयाला १.१७ लिटर उरेल, म्हणजे अर्धी ताकद. ते भरभर चालू शकणार नाहीत, चढावर थांबतील, पण बाजारात स्वतः जातील. आणि हेच त्यांनी चव्वेचाळीसाव्या वर्षी सोडलं असतं, तेव्हा त्यांच्याकडे याच हिशेबाने २.२८ लिटर असतं आणि एकोणसत्तराव्या वर्षी दीड लिटरहून थोडं जास्त उरलं असतं. हे सगळे सरासरीचे हिशेब आहेत. एखाद्याचं याहून वेगाने जातं, एखाद्याचं हळू. पण पंचेचाळिशीतली फुंकर साठीतल्या फुंकरीपेक्षा किती मोलाची आहे, ते यातून कळतं.

सोडल्यावर काय होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण अपेक्षाभंग झालेला माणूस पुन्हा ओढू लागतो. विरून गेलेले वायुकोश परत उगवत नाहीत. नळ्यांमधली सूज सोडल्यानंतरही वर्षानुवर्षं थोडीफार राहते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवरून असं दिसलं, की सोडलेल्यांची उतरण ओढणाऱ्यांपेक्षा बरीच सौम्य होते, पण कधीच न ओढलेल्यांच्या बरोबरीला ती दशकांनंतरही पूर्णपणे येत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दिवसाला पाचपेक्षा कमी सिगारेट ओढणाऱ्यांचं जादा नुकसान तीसहून जास्त ओढणाऱ्यांच्या नुकसानाच्या सुमारे दोन तृतीयांश निघालं. ‘विसावरून चारावर आणल्या’ हे समाधान फुप्फुसाला पोचत नाही. कमी करणं ही सोडण्याकडची पायरी असेल तर ठीक, तो मुक्काम असेल तर नाही.

सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. धुराने लुळी पडलेली, कफ वर ढकलणारी सूक्ष्म रोमकं पुन्हा काम करू लागतात आणि साचलेला कफ सुटू लागतो. ‘विडी होती तेव्हा छाती बरी होती’ म्हणत कितीतरी जण इथेच परत फिरतात. पुढे खोकला बहुतेकांचा खरोखर जातो. आणि तिथे उलट्या बाजूचा सापळा असतो: खोकला गेला, म्हणजे फुप्फुस बरं झालं. फ्लेचरच्याच कामातून दिसलं होतं, की कफ होणं आणि नळ्या आकसणं या बऱ्याच अंशी स्वतंत्र प्रक्रिया आहेत. कफ थांबला तरी अडथळा राहतो, म्हणून सोडल्यानंतरही वर्षातून एकदा फुंकर मोजून घ्यावी, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर. मात्र एका वर्षाच्या फरकावरून हर्षून किंवा खचून जाऊ नये. दोन फुंकरींमधलाच स्वाभाविक फरक १५० मिलिलिटरपर्यंत असू शकतो, आणि वर्षाची घट असते ३० किंवा ६०. उतरण खरी कोणती, हे तीन-चार वर्षांचे कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

एक गोष्ट मात्र ओढणाऱ्याच्या हातात नसते. शिखरच सगळ्यांचं सारखं नसतं. लहानपणी वारंवार छातीचे आजार झालेले, दम्याचे, अपुऱ्या दिवसांचे, चुलीच्या धुरात वाढलेले लोक पंचविशीला मुळातच कमी हवा घेऊन उभे असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची उतरण वेगवान नव्हतीच, त्यांची सुरुवातच खालून झाली होती. आपल्याकडे सरपणाच्या चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आणि कधीही न ओढलेल्या बायकांनाही हा आजार होतो. अशा घरात वाढून वर विडी ओढणाऱ्याकडे गमावायला मुळात कमी असतं, म्हणून त्याने तपासणी लवकर, चाळिशीच्या आतबाहेरच करून घ्यावी.

आणि सोडायचं कसं? लंग हेल्थ स्टडीत मदत मिळालेल्यांना दहा आठवड्यांत बारा बैठका आणि निकोटिनचं च्युइंगगम मिळालं होतं. तरीही पाच वर्षं सलग न ओढता राहिले ते फक्त २२ टक्के. नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटात हे प्रमाण पाच टक्के होतं. ‘मनात आणलं तर सुटते’ म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. निकोटिनची लत मेंदूत असते, ती इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. आज च्युइंगगम आणि पट्ट्यांच्या जोडीला व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन अशी गोळ्यांची औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची, आणि समुपदेशनाबरोबर घेतली की यश वाढतं. केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिथे समुपदेशक बोलतात, सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर पुन्हा फोन करून विचारपूसही करतात.

ज्यांची अनेकदा सुटली आणि अनेकदा लागली, त्यांच्यासाठी त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. मध्येमध्ये सोडणाऱ्यांची उतरण सलग ओढणाऱ्यांपेक्षा सौम्य होती, सलग सोडलेल्यांइतकी नसली तरी. आणि साडेचौदा वर्षांनी मृत्यू मोजले, तेव्हा मदत मिळालेल्या पूर्ण गटात, म्हणजे ज्यांना सोडता आली नाही ते अठ्ठ्याहत्तर टक्के धरूनही, दर वर्षी हजारामागे ८.८३ मृत्यू होते. नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटात १०.३८.